पाच वाजताचा आकडा आणि फॉर्म १७सी

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. त्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंतचा आकडा ५८.२२ टक्के असा जाहीर झाला आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. निकालानंतर विरोधी पक्षांपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता: पाचनंतर ही एवढी मते आली कुठून? प्रश्न रास्त होता. मात्र त्याचे उत्तर देणारा कागद राज्यातल्या लाखभर मतदान केंद्रांवर त्याच रात्री लिहिला गेला होता, आणि त्याची चर्चा फारशी झालीच नाही.

आधी पाच वाजताचा आकडा कसा तयार होतो ते पाहू. हा आकडा यंत्रातून निघत नाही. दहा-बारा केंद्रांमागे एक क्षेत्रीय अधिकारी असतो. तो प्रत्येक केंद्राध्यक्षाला फोन करून किंवा समक्ष जाऊन ‘किती झाले?’ विचारतो आणि बेरीज वर कळवतो. केंद्राध्यक्ष त्या वेळी रांग, ओळखपत्रांचे वाद आणि एजंटांच्या तक्रारी सांभाळत असतो, त्यामुळे पाचचा म्हणून दिलेला आकडा बऱ्याचदा साडेचारचा किंवा त्याच्याही आधीचा असतो. शिवाय मतदान सहाला संपणार होते. सहाच्या ठोक्याला आवारात जेवढे लोक रांगेत असतील त्या सर्वांना मत देता येते. घुसखोरी होऊ नये म्हणून चिठ्ठ्या रांगेच्या शेपटाकडून वाटत आणतात: शेवटच्या माणसाला पहिली चिठ्ठी. त्याच्या मागे मग कुणी उभे राहू शकत नाही.

तेव्हा संध्याकाळचा आकडा हा अंदाज असतो. हिशेब असतो तो फॉर्म १७सीमध्ये.

मतदान संपले की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचे ‘क्लोज’ बटण दाबतो. त्यानंतर त्या यंत्रात मत नोंदवता येत नाही. मग तो १७सीचा पहिला भाग भरतो. समजा, केंद्राच्या यादीत १,०८४ मतदार आहेत. मतदारांच्या सह्या-अंगठ्यांची नोंदवही, म्हणजे फॉर्म १७ए, सांगते की ७१२ जण आले. त्यांतल्या दोघांनी सही केल्यावर मत न देण्याचे ठरवले. तशी मुभा आहे, आणि तिचा ‘नोटा’शी संबंध नाही. मग यंत्रावर ७१० आकडा दिसायला हवा. तो दिसतो का, हे केंद्राध्यक्षाला लिहून द्यावे लागते. कोणत्या क्रमांकाची कागदी सीले वापरली तेही याच कागदावर येते. निवडणूक नियमांतल्या ४९एस या नियमानुसार, मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला या नोंदींची खरी प्रत द्यायची आणि तिची पोच घ्यायची असते.

मतमोजणीच्या दिवशी हा कागद कामाला येतो. यंत्र टेबलावर आले की प्रतिनिधी आधी सील क्रमांक जुळवतात, मग एकूण मते. दोन्ही जुळले की उमेदवारनिहाय आकडे घेतात.

आकडा जुळला नाही तर? जाणकार एजंट आधी फरक केवढा आहे ते पाहतो. मतदान सुरू होण्याच्या सुमारे दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे अभिरूप मतदान होते आणि त्यात किमान ५० मते टाकून दाखवायची असतात. त्यानंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणे क्रमाने दाबून यंत्र शून्यावर आणायचे असते. भल्या पहाटेच्या घाईत ‘क्लिअर’ राहून जाते, आणि मग ७१०च्या जागी ७६० दिसतात. फरक बरोबर ५०चा असला तर बहुतेक वेळा हीच चूक सापडते. असे यंत्र बाजूला ठेवतात. आयोगाच्या जुन्या पद्धतीत जिंकणाऱ्याची आघाडी अशा यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा मोठी असेल, तर ती मते न मोजताच निकाल लागे. २०२५मध्ये आयोगाने जाहीर केले की तफावत असेल तिथे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायच्याच. हा बदल योग्य आहे. निकाल फिरणार नसला तरी त्या गावातल्या माणसाला आपले मत मोजले गेले हे कळायला हवे.

महाराष्ट्राच्या निकालानंतर दुसरा आक्षेप आला, तो असा: जाहीर झालेल्या मतदानापेक्षा मोजलेली मते सुमारे पाच लाखांनी जास्त आहेत. आयोगाचे उत्तर होते की मतदानाच्या आकड्यात फक्त यंत्रांवरची मते धरली होती. टपाली मते ५,३८,२२५ होती आणि ती वेगळी मोजली जातात. हे उत्तर पटण्यासारखे आहे. टपाली मते केंद्रावर येतच नाहीत, त्यामुळे १७सीत ती असणार नाहीत. फक्त हा खुलासा आरोपानंतर करावा लागला. दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी शेजारी-शेजारी छापले असते तर वादाला जागाच उरली नसती.

१७सीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. किती मते पडली आणि तितकीच मोजली गेली का, एवढेच तो सांगतो. यादीत बोगस नावे होती का, कुणी दुसऱ्याच्या नावावर मत देऊन गेले का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मतदार यादी आणि १७ए पाहावे लागतात. यंत्राने मत योग्य उमेदवाराला दिले का, हे तपासायला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. ही संख्या पूर्वी एक होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये ती पाच केली. याच न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची सोय दिली.

मोठी अडचण दुसरीच आहे. प्रत मिळते ती हजर असलेल्या प्रतिनिधीला. अपक्षाकडे किंवा छोट्या पक्षाकडे प्रत्येक केंद्रावर बसवायला माणसेच नसतात. मोठ्या पक्षांचेही एजंट दुपारी जेवायला जातात ते परतत नाहीत, आणि मग निकालाच्या दुसऱ्या दिवशी हिशेब मागायला हातात कागद नसतो.

म्हणूनच १७सीच्या प्रती संकेतस्थळावर टाका, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०२४मध्ये लोकसभा निवडणूक चालू असल्याने न्यायालयाने अंतरिम आदेश दिला नाही. प्रतींच्या चित्रांत फेरफार करून गैरसमज पसरवले जातील, असे आयोगाचे म्हणणे होते. मला ते पटत नाही. खोटी प्रत आजही कुणी फिरवू शकतो, आणि तिला उत्तर म्हणून ताडून पाहायला आयोगाच्या संकेतस्थळावरची खरी प्रतच उपयोगी पडेल. संविधानाच्या ३२४व्या कलमाने निवडणुकीची देखरेख, निर्देशन आणि नियंत्रण आयोगाकडे दिले आहे. एवढ्या अधिकारात एक कागद स्कॅन करून टाकणे सहज बसते.

आयोगाने निम्मी वाट चालून दाखवली आहे. २०२५मध्ये त्याने ठरवले की केंद्राध्यक्षाने स्वतःच दर दोन तासांनी ईसीआयनेट ॲपवर मतदान भरायचे आणि शेवटचा आकडा केंद्र सोडण्यापूर्वी टाकायचा. फोनाफोनीची साखळी त्यामुळे कमी होईल. (जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, ती संस्था वेगळी, त्यामुळे तिथली तक्रार दिल्लीला पाठवून उपयोग नाही.)

ॲपवरचा आकडा लवकर कळतो, पण त्यावर सही आणि सील क्रमांक नसतात. तेव्हा तुम्ही एखाद्या उमेदवाराचे काम करत असाल, तर पुढच्या वेळी ‘क्लोज’ बटण दाबेपर्यंत केंद्रावर थांबा आणि १७सीची प्रत मागून घ्या. पोच द्या, आणि प्रत मतमोजणीच्या दिवशी खिशात असू द्या.