चार्ज कोणाकडे?

संपादकांचा निरोप होता की भाषण ऐकून या आणि त्यातलं काही छापण्यासारखं असेल तर लिहा. पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या हस्तलिखित विभागाचे अभिरक्षक निवृत्त होत होते. संस्थेचं आणि आपलं नाव लिहू नका, अशी त्यांची अट होती. अट का घातली, ते भाषणाच्या शेवटी कळलं.

शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द हे सगळं रीतीप्रमाणे झालं. मग अभिरक्षक उठले आणि आभाराची सुरुवात त्यांनी कपाटं उघडणाऱ्या मामांपासून केली. मामांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण कसर जिवंत आहे की नाही हे मामांशिवाय कोणी ठरवू नये, असं ते म्हणाले. पोथीला भोकं दिसली म्हणजे कीड आहेच असं नाही. ती शंभर वर्षांपूर्वीचीही असू शकतात. मामा पोथी मऊ ब्रशने झाडतात, पांढऱ्या कागदावर ठेवतात आणि काही दिवस तिला हात लावत नाहीत. कागदावर नवी बारीक पूड पडली, तर आत अळी खातेय. पूड नसेल, तर पोथी उगाच औषधाच्या पेटीत कोंडायची नाही. “साहेब, पाहुणा गेलाय, घर तेवढं मोडलंय,” हे मामांचं वाक्य त्यांनी सांगितलं आणि सभागृह हसलं. मामा मात्र मान खाली घालून बसले होते.

पुण्यात पोथ्यांविषयी बोलायचं आणि प. कृ. गोडे यांचं नाव घ्यायचं नाही, हे होणं शक्य नव्हतं. गोडे मूळचे देवरुखचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ची. पुढच्याच वर्षी सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह डेक्कन कॉलेजातून तिथे आला आणि १९१९पासून गोडे त्याचे अभिरक्षक झाले. १९६१मध्ये ते वारले. एवढा काळ एकाच संग्रहात राहून त्यांनी शेकडो लेख लिहिले. त्यातला जिलबीच्या इतिहासावरचा लेख खवय्यांनाही ठाऊक असतो. जिनसूराच्या सुमारे १४५०च्या ‘प्रियंकरनृपकथा’त एका श्रीमंताच्या मेजवानीत जिलबी वाढलेली त्यांना सापडली होती. पण आमच्या वक्त्यांना जिलबीत रस नव्हता. गोडे काळ कसा ठरवत, हे त्यांना सांगायचं होतं, आणि माझ्या मते भाषणातला सर्वांत सुंदर भाग तोच होता.

पोथीच्या शेवटी लेखक बहुधा शक, संवत्सर, महिना, तिथी, वार लिहितो. त्यांनी फळ्यावर खडूने उदाहरण मांडलं: ‘शके १५९६ आनंदनाम संवत्सरे’. शकात ७८ मिळवले की इसवी सन १६७४ येतं, म्हणजे शिवराज्याभिषेकाचं साल. इथपर्यंत शाळेतलं पोरही जाईल. पुढची पायरी पडताळ्याची. आपल्याकडच्या गणनेत शकात १२ मिळवून ६०ने भागायचं आणि बाकी जी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८. साठाने भागलं की बाकी ४८ आणि प्रभवपासून मोजत गेलं की अठ्ठेचाळिसावा आनंदच. जुळलं. त्याच शकापुढे कोणी ‘राक्षसनाम’ लिहिलं असतं, तर एका वर्षाची गडबड आहे हे तिथेच कळलं असतं. मग तिथी आणि वार पंचांगाच्या कोष्टकांशी ताडून पाहायचे.

“आणि सगळं जुळलं तरी नाचायचं नाही,” ते म्हणाले. नक्कल करणारा समोरच्या पोथीची शेवटची ओळसुद्धा इमानेइतबारे उतरवून काढतो. मग तारीख आधीच्या पोथीची आणि कागद नंतरचा, असा प्रकार होतो. अशा वेळी पान उजेडासमोर धरायचं. विलायती गिरणीचा जलचिन्ह असलेला कागद निघाला, तर सतरावं शतक विसरायचं. तरुणपणी एका पोथीची तारीख त्यांनी दिमाखात नोंदवहीत चढवली होती. जलचिन्ह दुसऱ्याच कोणीतरी दाखवलं. ती व्यक्ती समोरच बसली होती. दुरुस्ती विभागातल्या ताई. दुसरे आभार त्यांचे.

ताईंचं काम मी आधल्या दिवशी पाहिलं होतं. लाल कापड सोडलं, वरची फळी बाजूला ठेवली आणि पान दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचललं. सरकवायचं नाही, कारण खालच्या पानावरची शाई घासते. बोटाला थुंकी लावायची नाही, कारण चुकलेलं अक्षर झाकायला लावलेल्या हरताळात सोमल असतो. पान फाटलं होतं, पण ताईंनी लगेच खळ घेतली नाही. ओलसर कापसाचा बोळा एका अक्षराच्या कडेला टेकवला. बोळ्यावर काळं उमटलं. काजळ आणि डिंकाची शाई, पाणी लागलं की निघणारी. म्हणजे ओली दुरुस्ती बाद. पान पाकिटात गेलं आणि पाकिटावर पेन्सिलीने ‘ओलं नको’ असं लिहिलं गेलं.

इथून पुढे भाषणाचा सूर बदलला. जुन्या पिढीने फाटकी पानं वाचवायला दोन्ही बाजूंनी रेशमी शिफॉन चिकटवलं. त्यासाठी मैद्याची खळ वापरली, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूदही घातलं. त्या काळात हाच उत्तम उपाय होता आणि त्याने पानं टिकलीही. पण शिफॉनचं आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचं. आता ते तपकिरी पडलंय, कडक झालंय, आणि पान वळलं की शिफॉनबरोबर तडकतं. ते काढायचं तर खळ भिजवायला हवी. खळ भिजवली तर शाई जाते. काही पानं थेंबाथेंबाने, कडेकडेने सुटतात, एका पानाला दिवस जातो. बाकीची तशीच आहेत. ‘स्कॅन करून टाका’ म्हणणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की शिफॉनमागची अक्षरं स्कॅनमध्ये धुकट येतात, आणि उजेडासमोर धरायला कागद लागतो तो लागतोच.

मग ते चार्जवर आले. निवृत्तीआधी नोंदवहीप्रमाणे प्रत्येक पोथी मोजून पुढच्याच्या ताब्यात द्यायची असते. मोजणीत एका बस्त्यात नोंदीपेक्षा तीन पानं कमी भरली. हरवली म्हणून लिहिणं सोपं होतं. त्यांनी शेजारचे बस्ते सोडले. एका पोथीत मधेच दहा ओळींची पानं आली, आजूबाजूची सगळी नऊ ओळींची. समासातल्या ग्रंथनामाची आद्याक्षरंही वेगळी होती. तीच ती तीन पानं. कोण्या जमान्यात वाचकाने परत बांधताना चूक केली असणार. पानं आपल्या जागी गेली, नोंदवहीत शेरा पडला. पण हा शेरा वाचून तो समजणारा माणूस कोण?

अट होती ती यासाठी. त्यांच्या जागी अजून कोणाची नेमणूक नाही. चार्ज ग्रंथपालांकडे जातोय, अतिरिक्त कार्यभार म्हणून. ग्रंथपाल कामसू आहेत, हे त्यांनी दोनदा सांगितलं, पण त्यांच्याकडे आधीच छापील पुस्तकांचा सगळा व्याप आहे आणि त्यांना मोडी वाचता येत नाही. संग्रहातल्या शारदा लिपीच्या पोथ्या वाचणारं तर विभागात कोणीच उरत नाही. मामांची निवृत्ती पुढच्या वर्षी. ताई कंत्राटावर आहेत, दर अकरा महिन्यांनी कागद नव्याने होतो.

टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी ‘तुमचं मार्गदर्शन लाभत राहो’ म्हटलं. ते येतील याबद्दल मला शंका नाही. प्रश्न असा की निवृत्त माणसाला कपाटाची किल्ली हातात घेता येत नाही, नोंदवहीत सही करता येत नाही, आणि ताईंचा पुढचा कागद कोणी पुढे सरकवायचा हेही त्याच्या हातात राहत नाही. बटाटेवड्याची बशी हातात घेऊन मी हे एका पदाधिकाऱ्यांना विचारलं. प्रस्ताव पाठवलाय, ते म्हणाले. कधी, ते त्यांना आठवेना. त्यांनी कारकुनाला हाक मारली, तेव्हा अभिरक्षक ग्रंथपालांना घेऊन आत गेले होते आणि शिफॉन लावलेल्या पोथ्यांची यादी कोणत्या खणात आहे ते दाखवत होते.