आद्याक्षरांची सोयरीक

अकोल्याचे स्थळ अमरावतीला कळवले जाते तेव्हा परिचयपत्रासोबत जन्मटिपण असतेच असे नाही. पुष्कळदा हाती येतात ती नुसती दोन नावे. मग घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती पंचांगाचे पान उघडते किंवा भ्रमणध्वनीवर शोध घेते आणि मुलाचे पहिले अक्षर मुलीच्या पहिल्या अक्षराशी जुळवून पाहते. अक्षरे जुळली नाहीत की पुढचा निरोप जातच नाही. शिक्षण, स्वभाव, घराणे यांची चौकशी होण्याआधीच विषय मिटतो, आणि नकाराचे कारण समोरच्या कुटुंबाला सहसा कळतही नाही.

कल्पनेतील एक जोडी घेऊ. मुलगा अकोल्याचा हेमंत, मुलगी अमरावतीची सारिका. पंचांगातील अवकहडा चक्रानुसार ‘हे’ हे अक्षर पुष्य नक्षत्राचे, म्हणजे कर्क राशीचे. ‘सा’ हे शततारकेचे, म्हणजे कुंभ राशीचे. कर्केपासून मोजले तर कुंभ आठवी आणि कुंभेपासून मोजले तर कर्क सहावी. यालाच षडाष्टक म्हणतात. षडाष्टकातही प्रीतिषडाष्टक व मृत्युषडाष्टक असे दोन प्रकार असून कर्क-कुंभ ही जोडी दुसऱ्या प्रकारात मोडते. ‘मृत्यू’ हा शब्द ऐकल्यावर कोणती आई पुढे जाईल?

या भयाचे प्रमाण किती, हे मात्र कोणी मोजत नाही. बारा राशींपैकी प्रत्येक राशीचे मृत्युषडाष्टक कोणत्या ना कोणत्या एका राशीशी होतेच. त्यामुळे सर्व राशींची माणसे सारख्या संख्येने आहेत असे धरले, तर दर बारा स्थळांमागे एक स्थळ केवळ या हिशेबाने बाद होणार. षडाष्टकाच्या जोडीला द्विर्द्वादश व नवपंचमही दोष म्हणून धरले, तर राशींच्या निम्म्या जोड्या सदोष ठरतात. छत्तीस गुणांच्या मेळापकात भकूटाचे सात गुण आहेत आणि या तिन्ही स्थितींत ते सातही जातात. जो नियम निम्म्या जोड्यांना लागू पडतो, त्याच्या बळावर एखाद्याच जोडीवर संकट कोसळणार असे म्हणणे कठीण आहे.

आता ‘हे’ हे अक्षर पुष्याला का मिळाले ते पाहू. अवकहडा हे नावच या चक्राची गुरुकिल्ली आहे. कृत्तिकेपासून अक्षरे ओळीने मांडली आहेत. आधी अ, ई, उ, ए, ओ. मग वा, वी, वू, वे, वो. पुढे क, ह आणि ड यांची अशीच बाराखडी. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, त्यामुळे सत्तावीस नक्षत्रांना १०८ अक्षरे लागतात. ही ओळ भरताना मध्ये ङ, ण, ञ ही अक्षरेही आली आहेत. त्यांवरून मराठीत नाव ठेवता येत नाही, म्हणून त्या चरणांवर जन्मलेल्या बाळासाठी जवळचे दुसरे अक्षर घेतात. अक्षर हे चंद्राच्या स्थानाची खूण म्हणून दिलेले आहे. बाळाचा जन्म पुष्याच्या विशिष्ट चरणावर झाला म्हणून ‘हे’ अक्षर निघते. उलट, आत्याने बारशात आवडीने ‘हेमंत’ ठेवले म्हणून जन्मवेळचा चंद्र पुष्यात जात नाही.

ज्योतिषाच्या परंपरेलाही हा भेद ठाऊक होता. विवाहासारख्या मंगलकार्यात व गोचर पाहताना जन्मराशी प्रधान मानावी, नामराशीचा विचार करू नये. गाव, घर, नोकरी, व्यवहार यांसाठी नामराशी घ्यावी, असा तिचा प्रसिद्ध नियम आहे. जन्माची माहितीच नसेल तेव्हा नावावरून पाहण्याची सवलत आहे, पण तिथेही एकाची जन्मराशी व दुसऱ्याची नामराशी एकत्र करू नये अशी तंबी आहे. आज घरोघरी होते ते नेमके हेच. मुलीचे टिपण तयार असते, मुलाचे नसते, म्हणून मुलाच्या नावावरून काम भागवले जाते.

वऱ्हाडात ही सवलत एकेकाळी गरजेची होती. गावच्या कोतवालाच्या बुकात जन्माची नोंद होई, तीत बहुधा तारीख व बापाचे नाव असे. बाळाचे नाव नसे, वेळ तर नसेच. पण तारीख कळली तरी बराच उलगडा होतो. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. त्यामुळे त्या दिवशी चंद्राने रास बदलली नसेल, तर जन्मवेळ न कळताही रास निश्चित होते. नक्षत्रात तो सुमारे एक दिवस आणि चरणात सुमारे सहा तास असतो, म्हणून नक्षत्राबाबत दोनांपैकी एक अशी शंका उरू शकते आणि चरणासाठी मात्र वेळ हवीच. आजच्या वधूवरांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यावर, नगरपालिकेच्या जन्मप्रमाणपत्रावर असतातच. (जुन्या पिढीच्या शाळेतील तारखा पुष्कळदा अंदाजाने घातलेल्या असत, हे मात्र ध्यानात ठेवावे.)

अक्षरे जुळवण्याची दुसरी रीत अंकशास्त्राची. ती इंग्रजी अक्षरांवर चालते आणि तिथे दोन कोष्टके प्रचलित आहेत. पहिले पायथागोरसच्या नावाने ओळखले जाते. त्यात ए ला १, बी ला २ असे ओळीने ९ पर्यंत अंक देऊन पुन्हा १ पासून सुरुवात होते. या कोष्टकात हेमंतच्या एच ला ८ येतात आणि सारिकाच्या एस ला १. आठ हा शनीचा अंक, एक सूर्याचा, आणि सूर्य-शनीचे वैर सांगितलेले आहे. म्हणजे जोडी पुन्हा अशुभ. दुसरे कोष्टक खाल्डियन म्हणून प्रसिद्ध आहे. कीरो या टोपणनावाच्या लेखकाने ते विसाव्या शतकात लोकप्रिय केले. त्यात एच ला ५ व एस ला ३ मिळतात. पाच बुधाचा, तीन गुरूचा. माणसे तीच, अक्षरे तीच. पण सूर्य-शनीच्या वैराचा मागमूसही तिथे उरत नाही. कोणते कोष्टक वापरले हे सांगणारा मात्र विरळाच असतो.

पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक. तो रोमन अक्षरे लिहीत नव्हता, आणि जे व डब्ल्यू ही अक्षरे तर त्याच्यानंतर कित्येक शतकांनी स्वतंत्र झाली. तेव्हा जयश्री किंवा जिनेंद्र यांच्या जे ला दिलेला अंक त्याच्यापासून चालत आला असणे शक्य नाही. शिवाय आपली नावे इंग्रजीत लिहिण्याची एकच रीत नाही. आपल्या प्रांताचेच पाहा. मराठीत वऱ्हाड, इंग्रजी दप्तरांत बेरार. पहिल्या कोष्टकाप्रमाणे व्ही चे ४ आणि बी चे २. प्रदेश तोच, कापूस तोच, पूर्णा नदीही तीच, आणि अंक मात्र दोन.

या गोंधळावर नाव बदलण्याचा उपाय सांगितला जातो. लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत आपल्याकडे आहेच, त्यामुळे तो सोपा वाटतो. कागदोपत्री तो तसा नाही. राजपत्रात नाव प्रसिद्ध करावे लागते. मग आधार, पॅन, पारपत्र, बँकेचे खाते एकेक करून बदलावे लागते, आणि गुणपत्रिकांवर जुनेच नाव राहत असल्याने दोन्ही नावांचा पुरावा जवळ बाळगावा लागतो. इतके करूनही सारिकाची जन्मरास तीच राहते. तिच्या घरी बारशाला पंचांग पाहिले होते की नाव नुसते आवडले म्हणून ठेवले, हे आईला किंवा आत्याला विचारता येते. नाव आवडीने ठेवलेले असेल, तर तिची रास खरोखर कुंभ असण्याची शक्यता बारात एक एवढीच.