चॅट तिच्याकडे, सिमकार्ड तुमच्याकडे

मार्च उजाडला की देवगड-रत्नागिरीकडच्या कितीतरी आंबा बागायतदारांचा धंदा फोनवर चालू लागतो. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर भाव विचारतं, इन्स्टाग्रामवर बागेचे फोटो बघतं आणि यूपीआयने पैसे पाठवतं. मालक तेव्हा काढणीत नाहीतर पेट्या भरण्यात अडकलेला असतो. मग सिझनपुरती, संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी, गावातली कॉलेजची एखादी मुलगी कामावर घेतली जाते. पहिल्याच दिवशी धंद्याचा फोन तिच्या हातात येतो, सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून दिले जातात आणि "एवढं बघ गं" म्हणून मालक बागेत निघून जातो.

इथेच गफलत होते. मुलगी अप्रामाणिक निघेल ही भीती बहुतेक वेळा खोटी असते. पण प्रामाणिक माणसालाही फसवता येतं, आणि तिच्याकडे सगळंच सोपवलेलं असेल तर फसवणाऱ्याच्या हातीही सगळंच लागतं. म्हणून तिला पासवर्ड देऊ नका. तिच्या कामापुरता प्रवेश द्या.

सुरुवात नंबरापासून करावी. धंद्याचा नंबर घरच्या नंबरापेक्षा वेगळा हवा, कारण व्हॉट्सॲप बिझनेस दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला जोडलं की तिथल्या माणसाला सगळी चॅट दिसतात. निवडक गिऱ्हाइकंच दाखवायची सोय तिथे नाही. सिमकार्ड आणि मूळ फोन मालकाच्या घरीच राहावा. मुलीचं यंत्र त्याला `Linked devices` मधून जोडायचं. मूळ फोनखेरीज अशी चार यंत्रं जोडता येतात. मूळ फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर ती आपोआप तुटतात, एवढं लक्षात ठेवावं. या मांडणीत ओटीपी मालकाच्याच फोनवर येतो, आणि जोडलेलं यंत्र तो एका क्षणात तोडू शकतो. शिवाय `Two-step verification` मध्ये सहा आकडी पिन घालून ठेवावा. म्हणजे ओटीपी कुणी काढून घेतला तरी नुसत्या त्यावर तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू होणार नाही.

फेसबुक पेज आणि इन्स्टाग्रामसाठीही पासवर्ड सांगावा लागत नाही. मेटाच्या बिझनेस खात्यातून तिला फक्त संदेशांना उत्तरं देण्याचा आणि पोस्ट टाकण्याचा अधिकार देता येतो. पूर्ण नियंत्रण मात्र कुणालाही देऊ नये, कारण ते असलेला माणूस मालकालाच पेजवरून काढू शकतो. "तुमचं पेज चोवीस तासांत बंद होणार आहे, या लिंकवर अर्ज करा" असे बनावट संदेश पेजवर येत राहतात. मुलीने त्या लिंकवर स्वतःचा पासवर्ड टाकलाच, तरी चोराला तिच्याइतकेच अधिकार मिळतात. पेज तुमचंच राहतं.

सगळ्यात जास्त वेळ शिकवायची गोष्ट म्हणजे पैसे. समजा, शनिवारी संध्याकाळी एका नव्या नंबरावरून एका पेटीची ऑर्डर आली, किंमत २,४०० रुपये. थोड्या वेळाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला, त्यावर आकडा २४,०००. पाठोपाठ फोन: "ताई, घाईत एक शून्य जास्त पडलं. वरचे २१,६०० लगेच परत करा, दवाखान्यात भरायचेत." बँकेच्या मेसेजसारखा दिसणारा एक मेसेजही येतो. प्रत्यक्षात खात्यात एक रुपयाही जमा झालेला नसतो.

अशा वेळी मुलीने स्क्रीनशॉटकडे बघायचंच नाही. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो. तो गिऱ्हाइकाकडून मागायचा आणि दुकानाच्या यूपीआय ॲपमधल्या जमा यादीशी ताडून बघायचा. काही व्यापारी ॲपमध्ये स्टाफला नुसती जमा बघण्याचा प्रवेश देता येतो. तसा नसेल तर क्रमांक मालकाला पाठवून त्याच्या होकाराची वाट बघायची. क्रमांक, रक्कम आणि वेळ तिन्ही जुळल्याशिवाय पेटी हलवायची नाही. परतावा फक्त मालक देणार, तोही बँकेच्या खात्यात ती रक्कम खरोखर दिसल्यावर. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य तिच्याकडून म्हणवून घ्यावं.

चेकलिस्ट या कामापुरतीच ठेवावी. वीस ओळींची यादी चौथ्या दिवशी कुणी वाचत नाही. काम सुरू करताना जोडलेल्या यंत्रांत अनोळखी नाव नाही ना, हे मालकाने मूळ फोनवर बघावं. पेटी पाठवण्याआधी बारा आकडी क्रमांक, पत्ता, पिनकोड आणि डझनांचा आकडा मुलीने तपासावा. रात्री दिवसभराच्या ऑर्डरी आणि जमा रकमा वहीत जुळवून, न जुळलेली नोंद लाल पेनाने लिहावी. एवढं पुरे.

आता मालकाला कधी विचारायचं? "काही अडलं तर फोन कर" हा नियमच नव्हे, कारण फसलेल्या माणसाला आपण अडलोय हे कळतच नाही. नियमात आकडा आणि प्रसंग हवा. साक्याची तक्रार घ्या. हापूसमधला साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे तक्रार खरी असू शकते. कापलेल्या फळांचा फोटो पेटीच्या लेबलासह मागवावा; चार फळांपर्यंत भरपाई कबूल करायची मुभा मुलीला असावी, त्यावर मालकाला विचारावं. भावात सूट आणि पाच पेट्यांवरची ऑर्डरही मालकाला विचारूनच. ओटीपी किंवा कुठलाही कोड मागणारा संदेश, परताव्याची घाई, पोलीस किंवा बँकेच्या नावाने धमकी, यापैकी काहीही आलं तर उत्तर न देता लगेच फोन करायचा. मालक उचलत नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर ठरलेला असावा. तोही लागला नाही तर काम जिथल्या तिथे थांबवायचं. थांबल्यामुळे एखादी ऑर्डर गेली तर तिला बोलणी बसणार नाहीत, हे मालकाने आधीच सांगायला हवं. या एका वाक्याशिवाय बाकीचे नियम चालत नाहीत, कारण रागावतील या भीतीनेच माणसं घाईत पैसे पाठवतात.

शिकवायला एक आठवडा द्यावा. पहिले दोन दिवस तिने जुनी चॅट वाचावीत. पुढचे दोन दिवस तिने उत्तर लिहावं आणि मालकाने बघून पाठवावं. त्यानंतर तिने एकटीने काम करावं, आणि त्याच आठवड्यात मालकाने दुसऱ्या नंबरावरून तिला एक खोटा स्क्रीनशॉट पाठवून बघावं. ती फसली तर त्याच संध्याकाळी दोघांनी बसून कुठे घसरलं ते पाहावं. खरोखर पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवायचं, हेही तिच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या.

शेवटची पेटी गेली की तिचं यंत्र तोडा, मेटाच्या खात्यातून आणि पैशांच्या ॲपमधून तिचं नाव काढा, व्हॉट्सॲपचा पिन बदला आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला ईमेल तुमचाच आहे ना ते तपासा. तिच्या फोनमधले गिऱ्हाइकांचे नंबर-पत्ते तिच्यासमोरच पुसून घ्या. तिच्यावर संशय म्हणून नव्हे. उद्या तिचा फोन हरवला तर बोट तिच्याकडे जाऊ नये म्हणून. हे सगळं तिचा हिशोब चुकता कराल त्याच दिवशी करा, पावसाळा सुरू झाल्यावर नको.