कोणाला किती थांबता येतं?

मोटर चालवणारा एक छोटा बोर्ड घेऊ. त्यावरच्या एसटीएम३२एफ४ चिपमध्ये कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर १६८ मेगाहर्ट्झने चालतो. मोटरचा करंट दर ५० मायक्रोसेकंदांनी तपासायचा असतो, त्याला १५ लागतात. सिरियल तारेवरून साधारण ८७ मायक्रोसेकंदांना एक बाइट येतो, तो उचलायला ३ पुरतात. शिवाय दर मिलिसेकंदाला टायमर डिस्प्ले ताजा करतो. हे काम २०० मायक्रोसेकंदांचं.

या तिन्ही कामांचे हँडलर इंटरप्ट आला की धावतात. ज्याचा आकडा लहान, त्याचा मान मोठा. म्हणून असं लिहिलं जातं:

```c
NVIC_SetPriorityGrouping(5);
NVIC_SetPriority(ADC_IRQn, 1);
NVIC_SetPriority(USART2_IRQn, 2);
NVIC_SetPriority(SysTick_IRQn, 3);
```

आकडे वेगळे आहेत, तरी मोटर थरथरते आणि बाइट गळतात. दोष पहिल्या ओळीत आहे. या चिपमध्ये अग्रक्रमाला चार बिट आहेत. ग्रुपिंग ५ केलं की वरचे दोनच बिट गट ठरवतात, खालचे दोन गटातला क्रम. चालू हँडलरला मध्येच थांबवायचं की नाही, हे फक्त गटावरून ठरतं. १, २ आणि ३ एकाच गटात पडतात, त्यामुळे डिस्प्लेचं काम सुरू झालं की करंटचा हँडलरही ताटकळतो. त्या वेळात करंटचे इंटरप्ट तीन-चारदा आले तरी थकीत नोंद एकच राहते. सिरियलच्या स्टेटस रजिस्टरमध्ये `ORE` बिट लागलेला दिसला, तर पहिला बाइट उचलण्याआधीच दुसरा येऊन थडकला असं समजावं.

५ च्या जागी ३ लिहिलं की चारही बिट गटाचे होतात आणि तिन्ही कामं खरोखर वरखाली लागतात. आता करंट डिस्प्लेला थांबवतो आणि सिरियललाही. डिस्प्लेचं काम तुकड्यातुकड्यांनी, सुमारे ३०० मायक्रोसेकंदांत उरकतं. त्याला मिलिसेकंदभर सवड आहेच.

क्रम लावताना काम किती महत्त्वाचं, हा प्रश्न माझ्या मते फसवा आहे. कोणाला किती थांबता येतं, ते विचारावं. ज्याची सवड कमी, तो वर. प्रोसेसरचा स्वतःचा विलंब इथे नगण्य असतो: मेमरीने अडवलं नाही तर आठ रजिस्टर स्टॅकवर ठेवून हँडलरपर्यंत पोचायला १२ क्लॉक, म्हणजे ७१ नॅनोसेकंद. खरा उशीर होतो तो आपल्याच दुसऱ्या हँडलरमुळे.

या मोकळिकीची किंमतही आहे. एकात एक शिरणाऱ्या प्रत्येक हँडलरमागे स्टॅकवर किमान ३२ बाइट जातात, दशांश गणितं चालू असतील तर १०४. डिस्प्ले करंट आणि वेग वाचत असताना मध्येच करंटचा हँडलर घुसला, तर एक आकडा जुना आणि दुसरा नवा हाती येतो. तेवढ्या दोन ओळींपुरता तो इंटरप्ट रोखून धरावा. करंटच्या हँडलरमध्ये शिरताना एक पिन उंच करावी, निघताना खाली, आणि ती ऑसिलोस्कोपवर पाहावी. उंच होण्याचा क्षण ५० मायक्रोसेकंदांच्या ठोक्यावरून किती सरकतो, तोच उरलेला विलंब.