अंधार पडल्यावर या

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात पहाटे चोरी झाली. मागच्या गोदामाचं कुलूप तोडून तेलाचे आठ डबे नेले. चार कॅमेऱ्यांपैकी तिघांचं रेकॉर्डिंग नीट आहे, पण गोदामाच्या दारावरच्या चौथ्यात रात्रभर काळा पडदा. काकांनी रागाच्या भरात इन्स्टॉलरला लिहायला घेतलं, "तुमचे कॅमेरे भंगार आहेत, ताबडतोब या." मी त्यांना थांबवलं. अशा पत्रावर माणूस येतो, पण भरदुपारी. तेव्हा कॅमेरा चालू असतो, मग ‘सगळं ओके आहे’ म्हणून चहा पिऊन जातो.

दोघांनी बसून पत्र पुन्हा लिहिलं:

"स. न. वि. वि. कॅमेरा क्र. ४चं १० तारखेच्या संध्याकाळी ७.०५ ते ११च्या सकाळी ६.२०पर्यंतचं फुटेज नाही. बाकी तिन्ही कॅमेऱ्यांचं सलग आहे, म्हणजे डीव्हीआर आणि हार्ड डिस्क चालू होती. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं, दोनच मिनिटं पुढे आहे. लॉगमध्ये याच कॅमेऱ्यापुढे रोज संध्याकाळी Video Loss अशी नोंद आहे. तरी आपण रात्री आठच्या सुमारास मल्टिमीटर व जादा अॅडॉप्टर घेऊन यावं. डिस्क फॉरमॅट करू नये. आमच्यासमोर आधी तिन्ही कॅमेऱ्यांचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून द्यावं."

यातली रात्रीची वेळ सगळ्यात महत्त्वाची. अंधार झाला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो दिवसापेक्षा जास्त करंट ओढतो. गोदामापर्यंतची केबल सर्वांत लांब. वायर बारीक किंवा जॉइंट खराब असेल, तर अॅडॉप्टरकडे १२ व्होल्ट असूनही शेवटच्या टोकाला पुरेसे पोचत नाहीत आणि कॅमेरा बंद पडतो. उजाडलं की दिवे विझतात, चित्र परत येतं.

फुटेज काढायची घाईही उगाच नव्हती. २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट वेगाने लिहीत असतील, तर दिवसाला साधारण ८६ जीबी होतात. १ टीबीची डिस्क अकराएक दिवसांत भरते, मग जुन्यावरच नवं लिहिलं जातं. रस्त्याकडच्या कॅमेऱ्यात पहाटे थांबलेला टेम्पो दिसतो आहे, तो तरी जपायला हवा. हेच फुटेज पुढे कोर्टात द्यायचं झालं, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र लागतं.

इन्स्टॉलर सव्वाआठला आला. अॅडॉप्टरजवळ १२.१ व्होल्ट, कॅमेऱ्याच्या टोकाला ९.४. मग त्याने शिडीवरूनच मोबाइलचा टॉर्च कॅमेऱ्याच्या लाइट सेन्सरवर धरला. इन्फ्रारेड विझले, काटा अकराच्या पुढे गेला आणि खाली काउंटरवर बसलेल्या काकांना स्क्रीनवर गोदामाचं दार दिसलं. टॉर्च काढला, की पुन्हा काळं.

पन्हळीखालच्या जॉइंटवरची काळी टेप त्याने सोडवली. आतली तांब्याची तार हिरवी पडली होती.