अर्ज दिला, पण तारीख मिळाली का? दाखल्याच्या पोच पावतीवर या गोष्टी बघूनच घरी जा

जून महिना लागला की तहसील आणि सेतू केंद्रावर दाखल्यांसाठी गर्दी सुरू होते. उत्पन्न, रहिवासी, जात, नॉन-क्रिमिलेयर असं काही ना काही प्रत्येकाला हवं असतं. अर्ज दिला की समोरून एकच उत्तर येतं, "होऊन जाईल, चार-आठ दिवसांनी या." आपणही मान डोलावून निघतो. पण हे 'होऊन जाईल' कुठे लिहून मिळालं नसेल, तर पुढे भांडायला हातात काहीच राहत नाही.

म्हणूनच कायद्याने कामाच्या आधी एक गोष्ट सक्तीची केली आहे. ती म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, आणि त्या पोचेवर काम किती दिवसांत देणार त्याची मुदत.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 5 नुसार, अधिसूचित सेवेसाठी अर्ज आला की त्याची रीतसर पोच द्यायची आणि अर्जदाराला लेखी किंवा ऑनलाइन कळवायचं. त्यात तीन गोष्टी असायला हव्यात: अर्ज कोणत्या तारखेला आणि कुठे मिळाला, अर्जाचा स्वतंत्र क्रमांक, आणि अर्ज निकाली काढण्याची मुदत.

म्हणजे पोच देणं हा साहेबांचा उपकार नाही, तो कामाचाच पहिला भाग आहे. 'तुमचं काम आमच्याकडे आलं आणि अमुक दिवसांपर्यंत देऊ' एवढं कार्यालयाने काम हाती घेण्याआधीच सांगायचं आहे. दाखला मिळणारच, असं मात्र पोचेचा अर्थ नाही. तुम्ही पात्र नसाल तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. पण तेही मुदतीतच, आणि कारण लेखी देऊन.

कोणत्या सेवेला किती दिवस, ते आधीच ठरलेलं असतं. उदाहरणार्थ, उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. बाकीच्या सेवांची मुदत, काम देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि अपील ऐकणारे अधिकारी यांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की त्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

पैशाची पावती म्हणजे पोच नव्हे

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. केंद्रावर कागद दिले, पैसे भरले, पावती मिळाली. आपल्याला वाटतं अर्ज गेला. पण नेट बंद आहे, साइट चालत नाही, गर्दी आहे, अशा कारणाने चालक कागद बाजूला ठेवतो आणि अर्ज दोन-तीन दिवसांनी भरतो. मुदत तुम्ही कागद दिले त्या दिवसापासून चालू होत नाही. पूर्ण अर्ज पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे किंवा त्याने नेमलेल्या माणसाकडे पोचतो, तेव्हापासून ती मोजतात.

म्हणून पावती हातात आली की आधी अर्ज क्रमांक शोधा. तो नसेल तर अर्ज अजून गेलेला नाही असंच समजा. क्रमांक असेल तर तिथेच उभं राहून aaplesarkar.mahaonline.gov.in वर अर्जाची स्थिती बघा. मग पावतीवरची तारीख आणि मुदत वाचा. ती छापलेली नसेल तर फलकावरची मुदत पावतीच्या मागे लिहून ठेवा.

कागदी अर्ज देत असाल तर दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या. दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, सही आणि मुदत घ्या. 'ठेवून जा, बघतो' असं सांगून कोणी पोच टाळत असेल तर कलम 5 दाखवा. तरीही जमलं नाही तर अर्ज स्पीड पोस्टने पाठवा. निदान पोचल्याचा पुरावा तरी तुमच्याकडे राहील.

मध्येच 'त्रुटी' निघाली तर?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीला कॉलेज प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. तिने 9 जूनला केंद्रावर कागद दिले. चालकाने अर्ज भरला 12 जूनला, आणि पावतीवर तारीख आली 27 जून. घरच्यांनी मात्र 9 तारखेपासून बोटं मोजली आणि 24 जूनला तहसीलला खेटा मारला. तो फुकट गेला, कारण मुदत अजून संपलेली नव्हती.

खरी अडचण वेगळीच होती. 20 जूनला कार्यालयाने अर्जाला त्रुटी लावली, कारण तलाठ्याच्या अहवालाचा फोटो वाचता येत नव्हता. मेसेज गेला केंद्रचालकाच्या नंबरवर, कारण अर्जात नंबर त्याचाच टाकला होता. घरी कळलं 28 जूनला. त्याच दिवशी स्वच्छ कागद चढवला, पण आता अर्ज पूर्ण झाला तो 28 जूनला, आणि मुदतही तिथून पुढे मोजली जाऊ शकते, म्हणजे 13 जुलैपर्यंत. आठ दिवस निव्वळ नंबरापायी गेले.

यावर उपाय साधा आहे. अर्जात स्वतःचा मोबाईल नंबर टाकायला लावा. पावती घेताना "कागद पूर्ण आहेत ना?" असं विचारा आणि चढवलेले फोटो स्क्रीनवर एकदा बघा. त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी अर्ज क्रमांक टाकून स्थिती तपासा. त्रुटी दिसली की त्याच दिवशी दुरुस्त करा, नवा अर्ज भरू नका. आणि दुरुस्ती केल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, कारण पुढचा हिशोब त्या तारखेपासून होणार आहे.

तारीख उलटली तर

पोचेवरची तारीख खरी उपयोगी पडते ती इथे. मुदत संपली किंवा अर्ज नामंजूर झाल्याचा आदेश मिळाला, की तिथून 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. वरच्या उदाहरणात 13 जुलैपर्यंत दाखला आला नाही, तर 12 ऑगस्टपर्यंत. पुरेसं कारण असेल तर उशिराचं अपीलही घेता येतं, पण 90 दिवसांपलीकडे नाही. पहिल्या अपिलाचा निकाल 30 दिवसांत लागायला हवा. त्यानेही समाधान झालं नाही तर दुसरं अपील आहे आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण सेवा दिली नाही असं ठरलं, तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो.

अपिलात पहिला प्रश्न येतो तो मुदत कधी संपली याचा. पोच असेल तर उत्तर एका ओळीचं आहे. नसेल तर अर्ज कधी दिला इथूनच वाद सुरू होतो.

एक लक्षात ठेवा, हा हक्क फक्त अधिसूचित सेवांना आहे. रस्ता दुरुस्ती, बांधावरचं भांडण किंवा नुसती तक्रार यात बसत नाही. तुमचं काम यादीत आहे का, ते आधी फलकावर किंवा आपले सरकार पोर्टलवर बघा. आणि पावती खिशात ठेवण्याआधी तिचा फोटो काढा, कारण त्या कागदावरची शाई पावसाळ्यात फार टिकत नाही.