कानाचं मशीन, भाग ५ : शिट्टी येते कुठून?

मशीन शिट्टी मारू लागलं की घरातलं कुणीतरी आवाज कमी करतं. परभणीजवळच्या पिंगळीतल्या एका आजोबांचं उदाहरण घेऊ. मशीन कानामागचं, त्याला पारदर्शक नळी आणि कानात बसणारा साचा. ऐन उन्हाळ्यात शिट्टी सुरू झाली, म्हणून नातवानं आवाज चारवरून दोनवर आणला. शिट्टी थांबली, पण आजोबांना बोलणंही नीट कळेना. त्यांचा कान अजून बिघडलाय, असं सगळ्यांना वाटलं.

खरं कारण वेगळं असतं. मशीननं मोठा केलेला आवाज कानात पूर्ण जायला हवा. वाटेत फट असली की तो बाहेर निसटतो, मशीनच्या माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि पुन्हा निसटतो. सप्ताहात माईक भोंग्यासमोर गेल्यावर होतं, तेच हे. आवाज कमी केला की हे चक्र तुटतं, फट मात्र तशीच राहते.

फट कुठे आहे ते घरी शोधता येतं. मशीन कानातून काढा, चालूच ठेवा, आवाज नेहमीइतका करा. साच्याचं तोंड बोटानं घट्ट दाबा. हवेसाठी दुसरं बारीक छिद्र असेल तर तेही बंद करा. शिट्टी थांबली तर नळी ठीक आहे, गळती कानात आहे. आजोबांच्या मशीनची शिट्टी थांबली नाही. मग मशीनच्या वाकड्या हूकवरून नळी काढली आणि हूकचं तोंड अंगठ्यानं दाबलं. आता शांत. म्हणजे हूक आणि मशीन दोन्ही चांगले, दोष नळीत. (इथेही वाजत राहिलं असतं, तर ते दुरुस्तीलाच द्यावं लागलं असतं.) नळी हलकेच वाकवल्यावर ती साच्यात शिरते तिथली केसाएवढी चीर उघडली. घामानं आणि वापरानं नळी पिवळी, कडक होते, मग तडकते. साधारण तीन ते सहा महिन्यांनी ती बदलावीच. चिकटपट्टी गुंडाळून किंवा झटपट चिकटणारा गोंद लावून भागवू नका, गोंद कातडीला लागतो. नवी नळीही जुनीच्याच मापाची हवी. आखूड पडली तर साचा ओढला जातो आणि नवी फट तयार होते.

नळी बदलली, आवाज पुन्हा चारवर आला. तरी जेवताना शिट्टी यायचीच. साचा बोटानं आत दाबून धरला की ती थांबे, म्हणजे साचा सैल. आजोबांचे दात काढलेले, वजनही उतरलेलं. त्यानं कानाच्या नळीचा आकार बदलतो. वाढत्या मुलांचा साचा तर काही महिन्यांतच अपुरा पडतो. नव्या साच्यासाठी माप घेण्याआधी कान तपासून घ्यावा लागतो, कारण साचलेल्या मळावर आपटूनही आवाज परत फिरतो आणि शिट्टी येते. मग दोरा बांधलेला बोळा आत ठेवून मऊ सिलिकॉन भरतात. ते घट्ट होईपर्यंत तोंड उघडझाप करायला सांगतात का, हे लक्षात ठेवा. सांगितलं नाही तर आपण होऊन विचारा, कारण आजोबांची शिट्टी चावतानाच येत होती.